साडेतीन टक्क्यांचा हिशेब

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची जर्नले तपासणाऱ्या प्राध्यापकांना एक वाक्य पाठ झालेले असते : ‘मानवी चुका, हवेचा अवरोध आणि उपकरणांच्या मर्यादा यांमुळे उत्तरात थोडा फरक पडला.’ दोलकाच्या प्रयोगाखाली ते असते, भिंगाच्या प्रयोगाखाली असते आणि ओहमच्या नियमाखालीही असते. जे वाक्य कोणत्याही प्रयोगाखाली चालते, ते त्या प्रयोगाविषयी काहीच सांगत नाही. तक्ता नीटनेटका, आकडेमोड बरोबर आणि विश्लेषणाच्या जागी हे एक वाक्य, असे दुबळ्या अहवालाचे सर्वसाधारण रूप असते.

अशा अहवालावर ‘विश्लेषण अपुरे’ एवढाच लाल शेरा मारला, तर पुढच्या वेळी तेच वाक्य थोडे लांब होऊन येते. विश्लेषण म्हणजे नेमके काय करायचे, हे विद्यार्थ्याला त्याच्याच आकड्यांवर दाखवावे लागते. ते कसे दाखवता येईल, यासाठी साध्या दोलकाचा एक नमुना अहवाल घेऊ. त्यातले आकडे समजावून सांगण्यासाठी रचले आहेत, पण त्यात दडलेली चूक प्रयोगशाळेत नेहमी घडणारी आहे.

अहवालात काय होते

प्रयोग ओळखीचा आहे. पितळेचा लहान गोळा दोऱ्याला टांगायचा, थोडासा बाजूला नेऊन सोडायचा आणि वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा. त्याला वीसने भागले की दोलनकाल T मिळतो. दोलकाची लांबी L असेल, तर T² = (4π²/g)L या सूत्रावरून गुरुत्वीय त्वरण g काढता येते. विद्यार्थ्याने पाच वेगवेगळ्या लांबींवर वेळ मोजला आणि प्रत्येक ओळीत g काढला.

| लांबी (सेंमी) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | T² (सेकंद²) | g (मी/से²) |
|---|---|---|---|
| ३० | २२.७ | १.२८८ | ९.१९ |
| ५० | २८.९ | २.०८८ | ९.४५ |
| ७० | ३४.१ | २.९०७ | ९.५१ |
| ९० | ३८.५ | ३.७०६ | ९.५९ |
| ११० | ४२.५ | ४.५१६ | ९.६२ |

पाच उत्तरांची सरासरी ९.४७ आली. सोबत L आणि T² यांचा आलेख जोडला होता. त्यात मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा होती, पण तिचा पुढे काही उपयोग केलेला नव्हता. निष्कर्ष असा होता : ‘g चे मूल्य ९.४७ मी/से² मिळाले. प्रमाणित मूल्य ९.८१ असल्याने त्रुटी ३.५ टक्के आहे. मानवी चुका व हवेचा अवरोध यांमुळे ही त्रुटी आली. अधिक अचूक उपकरणे वापरल्यास उत्तर सुधारेल. प्रयोग यशस्वी झाला.’

प्राध्यापकांचा शेरा

*तुझी निरीक्षणे चांगली आहेत, हे आधी सांगतो. लांबी जवळजवळ चौपट होईल इतकी बदललीस आणि एका दोलनाऐवजी वीस दोलनांचा वेळ घेतलास. दोन्ही गोष्टी योग्य केल्यास. म्हणून प्रयोग पुन्हा करायला सांगत नाही. याच आकड्यांतून अहवाल पुन्हा लिहायचा आहे.*

*पहिले काम : तुझ्या तक्त्यातला शेवटचा स्तंभ वरून खाली वाच. ९.१९, ९.४५, ९.५१, ९.५९, ९.६२. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा मोठे आहे. पृथ्वीचे गुरुत्व दोऱ्याच्या लांबीप्रमाणे वाढत नाही. मग हा स्तंभ असा का चढतो? स्टॉपवॉच दाबताना हात कधी लवकर पडतो, कधी उशिरा. त्याने उत्तरे वरखाली विखुरतात, ती अशी रांगेत चढत नाहीत. जिथे उत्तरांना कल असतो, तिथे सरासरी घ्यायची नसते. सरासरी घेतल्याबरोबर तो कल झाकला जातो आणि या अहवालातली सगळ्यात मोलाची माहिती त्या कलातच आहे.*

*दुसरे काम : तू दिलेली कारणे तपासून पाहा. त्रुटीचे कोणतेही कारण लिहिण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायचे. या कारणाने उत्तर कमी होईल की जास्त? किती होईल? आणि सगळ्या लांबींवर त्याचा परिणाम सारखा असेल की बदलता?*

*‘मानवी चूक’ घेऊ. वेळ मोजताना ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला असे धर. २२.७ सेकंदांत ०.१ म्हणजे सुमारे ०.४४ टक्के. g काढताना T चा वर्ग होतो, म्हणून g मध्ये जवळपास ०.९ टक्के. तुझे पहिले उत्तर सहा टक्क्यांच्या आसपास कमी आहे. शिवाय हाताची चूक पाचही वेळा एकाच बाजूला का जाईल? मोजणीत चूक झाली असेल का, तेही पाहा. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटले, तर वीस म्हणेपर्यंत खरी दोलने एकोणीसच होतात. पण मग T लहान निघतो आणि g जवळजवळ अकरा टक्क्यांनी मोठा येतो. तुझे उत्तर लहान आहे. हे कारण पहिल्याच प्रश्नावर गळते.*

*आता हवा. हवेच्या अवरोधाने झोके हळूहळू आखूड होतात, पण एका दोलनाला लागणारा वेळ त्याने जवळपास बदलत नाही. हवा गोळ्याला किंचित उचलून धरते, त्याने g थोडा कमी येतो हे खरे. पण पितळेची घनता हवेच्या सुमारे सात हजार पट आहे, म्हणून हा परिणामही सात हजारांत एक भाग, इतकाच. तुला साडेतीन टक्क्यांचा हिशेब द्यायचा आहे. हवेकडे तेवढे बळ नाही.*

*झोका मोठा घेतला असेल का? कोन वाढला की दोलनकाल वाढतो आणि g कमी येतो. दिशा जुळते. पण पाच अंशांच्या झोक्याने g मध्ये फरक पडतो ०.१ टक्का. सहा टक्के फरक पडायला झोका चाळीस अंशांच्या आसपास हवा आणि तू तर पाच अंश लिहिले आहेस. दोरा ताणला गेला असेल का? तो ताण लांबीच्या प्रमाणात असतो, म्हणजे पाचही ओळींत टक्केवारी सारखीच राहायला हवी. तुझी टक्केवारी लांबी वाढेल तशी घटते. हे कारण तिसऱ्या प्रश्नावर गळते.*

*मग आखूड दोलकाला जास्त आणि लांब दोलकाला कमी जाचणारी चूक कोणती? दर वेळी तेवढ्याच सेंटिमीटरने लांबी चुकली, तर असे होते. ३० सेंटिमीटरमध्ये दोन सेंटिमीटर गेले तर ते जाणवतात. ११० मध्ये गेले तर तितके जाणवत नाहीत.*

*तिसरे काम : हा अंदाज आलेखावर तपास. तुझा आलेख पुन्हा बघ. डावीकडचे बिंदू रेषेच्या वर राहिले आहेत आणि उजवीकडचे खाली गेले आहेत. सूत्रात रेषा मूळबिंदूतून जाते म्हणून तू ती तिथून ओढलीस. पण रेषेने कुठून जावे हे आकड्यांनी ठरवायचे असते. मूळबिंदूची अट काढ, बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा आख, आणि तिचा चढ व T² च्या अक्षावरचा छेद मोज. स्प्रेडशीटवर करायचे असेल, तर A स्तंभात मीटरमधली लांबी आणि B मध्ये T² घालून हे सूत्र दे :*

```
=LINEST(B2:B6,A2:A6,TRUE,TRUE)
```

*यात पहिला `TRUE` रेषेला मूळबिंदूतून जायची सक्ती करत नाही. दुसऱ्यामुळे चढ आणि छेद यांच्यासोबत त्यांची अनिश्चितताही मिळते.*

*लांबी मोजताना e एवढा भाग राहून गेला असेल, तर खरी लांबी L + e असते आणि सूत्र T² = (4π²/g)(L + e) असे होते. या रेषेचा चढ 4π²/g हाच राहतो. e मुळे रेषा फक्त वर सरकते. म्हणजे चढावरून काढलेल्या g ला ही चूक लागत नाही आणि छेदाला चढाने भागले की e मिळतो.*

*चौथे काम : e मिळाल्यावर तो कुठून आला हे तुझ्याच जर्नलमध्ये शोध. गोळ्याचा व्यास तू व्हर्नियर कॅलिपरने २.५२ सेंटिमीटर मोजला आहेस आणि पुढे तो आकडा कुठेही वापरलेला नाहीस. दोलकाची लांबी टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. तू कुठपर्यंत मोजलीस? गोळ्याचा हूक प्रयोगशाळेत येऊन मोजून घे.*

*शेवटी निष्कर्षाबद्दल. ‘प्रयोग यशस्वी झाला’ हे वाक्य काढून टाक. उत्तर किती आले, ते किती खात्रीने सांगता येते, जवळच्या मूल्याशी ते जुळते का, आणि या आकड्यांवरून काय सांगता येत नाही, एवढे चार मुद्दे लिही. आणि ९.८१ शी तुलना करण्याआधी विचार कर की तो आकडा कुठला आहे. g जागेप्रमाणे बदलतो. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला तो ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. महाराष्ट्रात तो ९.७८ च्या आसपास आहे. आपण पुण्यात मोजतो आहोत.*

सुधारलेले विश्लेषण

या शेऱ्यात उत्तर कुठेही आयते दिलेले नाही, पण उत्तराकडे जाणारी प्रत्येक पायरी दिली आहे. विद्यार्थ्याने ती कामे केली की आकडे असे येतात. मोकळ्या सोडलेल्या रेषेचा चढ ४.०३६ आणि T² च्या अक्षावरचा छेद ०.०७६. 4π² ला चढाने भागले की g मिळतो ९.७८. छेदाला चढाने भागले की राहून गेलेली लांबी मिळते, सुमारे १.९ सेंटिमीटर. छेदाची अनिश्चितता जवळपास ०.००६ आहे. छेद तिच्या बारा पट मोठा असल्याने तो योगायोगाने शून्यापासून हलला असे म्हणायला जागा नाही.

आता गोळ्याची त्रिज्या १.२६ सेंटिमीटर आणि हूक समजा ०.६ सेंटिमीटर भरला. बेरीज १.८६. आलेखाने कॅलिपर न पाहता जे सांगितले, तेच कॅलिपरनेही सांगितले. विश्लेषण भक्कम होते ते इथे. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी तीच निघाली, म्हणजे कारण सापडले असे म्हणायचा हक्क मिळतो.

आणखी एक पडताळा घेता येतो. प्रत्येक लांबीत १.८६ सेंटिमीटर मिळवून g पुन्हा काढला, तर स्तंभ असा होतो : ९.७६, ९.८१, ९.७६, ९.७९, ९.७८. चढता कल नाहीसा झाला आणि उरला तो वरखाली विखुरलेपणा. हा विखुरलेपणा स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताचा. ‘मानवी चूक’ हे शब्द आता कुठे योग्य जागी आले, आणि तेही मापासह.

नवा निष्कर्ष मग असा लिहिता येतो : ‘T² आणि L यांच्या आलेखाच्या चढावरून g = ९.७८ ± ०.०२ मी/से² मिळाला. रेषा मूळबिंदूतून गेली नाही. छेदावरून प्रत्येक लांबी सुमारे १.९ सेंटिमीटर कमी मोजली गेल्याचे दिसते आणि ते गोळ्याची त्रिज्या व हूक यांच्या बेरजेशी (१.८६ सेंटिमीटर) जुळते. ओळीओळीने काढलेली g ची मूल्ये यामुळे कमी आली होती. मिळालेले उत्तर महाराष्ट्रातील अपेक्षित मूल्याशी सुसंगत आहे. मात्र ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक ठामपणे सांगण्याइतकी अचूकता या पाच निरीक्षणांत नाही. त्यासाठी प्रत्येक लांबीवर वीसऐवजी अधिक दोलने मोजावी लागतील आणि वाचने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतील.’

पहिल्या निष्कर्षातल्या ‘अधिक अचूक उपकरणे वापरल्यास’ या सूचनेशी शेवटचे वाक्य ताडून पाहावे. लांबी चुकीच्या ठिकाणापर्यंतच मोजायची असेल, तर कितीही महागडे स्टॉपवॉच आणले तरी ९.४७ चे ९.७८ होणार नाहीत. सुधारणेची सूचना सापडलेल्या कारणाला धरून असली, तरच तिला अर्थ असतो.

आलेखाची मर्यादा

या पद्धतीने सगळ्या चुका सापडतात असे विद्यार्थ्याने समजू नये, म्हणून तिची हद्दही सांगायला हवी. दर वेळी ठरावीक सेंटिमीटरने होणारी चूक छेदात दिसते. पण ज्या चुकीने प्रत्येक माप सारख्याच टक्क्यांनी बदलते, ती आलेखात अजिबात दिसत नाही. स्टॉपवॉच हळू चालत असेल, मोजपट्टी ताणलेली असेल किंवा दर वेळी वीसऐवजी एकोणीसच दोलने मोजली गेली असतील, तरी बिंदू सुरेख रेषेत येतील, रेषा मूळबिंदूतून जाईल आणि g मात्र चुकीचा असेल. अशा वेळी घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी आणि पट्टी दुसऱ्या पट्टीशी ताडून पाहणे हाच मार्ग असतो. ‘रेषा मूळबिंदूतून गेली, म्हणून प्रयोग बिनचूक’ हा निष्कर्षही म्हणूनच टिकत नाही.

उलट दिशेचीही एक चूक आहे. छेद शून्याहून वेगळा दिसला की लगेच त्याचे कारण सांगू नये. छेद त्याच्या अनिश्चिततेएवढाच असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आधी तो अनिश्चिततेच्या तुलनेत किती मोठा आहे ते पाहायचे आणि मगच त्याला अर्थ द्यायचा.

हाच दोलक, हेच प्रश्न

दोलकाची लांबी नेमकी कुठपर्यंत धरायची, हा प्रश्न केवळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पडलेला नाही. हेन्री केटर हे इंग्रज अधिकारी भारतात विल्यम लॅम्टन यांच्या सर्वेक्षणात काम करून गेले होते. g अचूक मोजायचा तर आंदोलनाचा खरा मध्य शोधणे ही मुख्य अडचण आहे, हे ओळखून त्यांनी दोन्ही टोकांनी टांगता येणारा दोलक बनवला आणि त्याची मापने १८१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात अंतर मोजायचे ते दोन धारदार टेकूंमधले, त्यामुळे गोळ्याचा मध्य शोधायची गरजच उरत नाही. केटरचा दोलक आजही बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत असतो, आणि साध्या दोलकानंतर तो का शिकायचा याचे उत्तर वरच्या १.८६ सेंटिमीटरमध्ये आहे.

त्याही आधी, १६७२ मध्ये, जाँ रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेले. पॅरिसमध्ये बरोबर लावलेले दोलकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. वेळ बरोबर यावी म्हणून त्यांना दोलक आखूड करावा लागला. उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावून दोलक लांबला असेल, हे कारण सहज सुचण्यासारखे होते. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त या कारणाचा विचार केला. दिशा जुळत होती, पण उष्णतेने होणारी वाढ तेवढी मोठी नव्हती. म्हणून त्याने हा फरक पृथ्वीच्या फिरण्याशी आणि विषुववृत्तावरच्या फुगवट्याशी जोडला. वरच्या शेऱ्यातला दुसरा प्रश्न, ‘किती?’, त्याने इथे विचारला होता. अडीच मिनिटांचा हिशेब केला तर g मधला फरक साधारण ०.३ टक्के येतो, म्हणजे पॅरिसचे ९.८१ आणि कायेनचे ९.७८. आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा आणि आपल्या प्रयोगशाळेतला आकडा यांत तेवढाच फरक आहे.

प्राध्यापकांना म्हणून एक विनंती आहे. विद्यार्थ्याचे उत्तर अपेक्षित मूल्याच्या किती जवळ आले यावर गुण देऊ नका, कारण त्यामुळे विद्यार्थी आकडे जुळवायला शिकतो. आलेल्या फरकाचा हिशेब त्याने दिला का, यावर गुण द्या. आणि विद्यार्थ्यांनी त्रुटीचे कारण लिहिताना त्याची दिशा, त्याचे माप आणि लांबीनुसार त्याची चाल, हे तिन्ही लिहावे. यांतले एकही लिहिता येत नसेल, तर ते कारण अहवालात घालू नये. त्याऐवजी ‘या फरकाचे कारण मला सापडले नाही’ असे लिहावे. ते वाक्य खरे असते, आणि पुढचा प्रयोग तिथून सुरू करता येतो.